गाडी थांबली की पेटी लाव

आमच्या घरात भाकर झाकून ठेवायची रीत होती, आणि त्या रीतीनंच आमच्या पहिल्या सॅन्डविचचा सत्यानाश केला.

आमचं गाव कनेरगाव नाक्याच्या अलीकडं, हिंगोली-वाशिम रस्त्यापासून थोडं आत. फाट्यावर एसटी थांबते, तिथून पांदीनं चालत आलं की कडेलाच आमचं घर. घरात माणसं तीन. माझ्या सासूबाई, आमचे हे आणि मी. दावणीला एक म्हैस आणि अंगणाच्या कडेला शेळ्यामेंढ्या. चौथं माणूस म्हणजे माझे धाकटे दीर, आमचे भाऊजी, ते कामाला पुण्याकडं गेलेले. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भाऊजी शाळेत जात होते. माझ्या हातच्या पहिल्या भाकरीचा नकाशा झाला होता, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, यात आपलं गाव कुठशीक आलं?" मी लाटणं घेऊन मागं लागले. त्या दिवसापासून आमची गट्टी. मला सख्खा भाऊ नाही. देवानं तो असा आडवाटेनं दिला म्हणायचं.

सासूबाईंची रीत अशी, की जेवायच्या वेळेला जो घरात नाही त्याचा वाटा आधी काढायचा. बांबूच्या दुरडीत जुन्या लुगड्याचं फडकं अंथरायचं, त्यावर गरम भाकरी, वरून त्याच फडक्याची घडी आणि घडीवर ताट. माणूस कितीही उशिरा येवो, दुरडी उघडली की भाकरीला घाम आलेला असायचा आणि ती कापसासारखी मऊ लागायची. "वाटा झाकलेला दिसला की माणसाला कळतं, आपली कुणीतरी वाट बघून राहिलंय," असं त्या म्हणायच्या. अन्न उघडं टाकणाऱ्या बाईला त्या बाईच धरत नव्हत्या. मी एकदा भाताचं पातेलं उघडं ठेवलं तर मला आठवडाभर ऐकावं लागलं. आमच्या ह्यांनी गप्प बसावं ना, तर ते त्यात तेल ओतायचे.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची दिवाळी. भाऊजी कंपनीत लागून पहिल्यांदाच सुट्टीवर आले होते आणि काखेत एक खोकं होतं. कंपनीनं दिवाळीला सगळ्या कामगारांना दिलेलं. पुठ्ठ्यातून काढली तर पांढरी, चपटी, पेटीसारखी उघडणारी वस्तू. आत काळ्याभोर पाट्या, त्यांना तिकोनी खाचे, आणि झाकणावर दोन बारके दिवे, एक लाल आणि एक हिरवा.

"हे काय रे, दागिन्याचा डबा हाय का?" सासूबाईंनी हात फिरवून विचारलं. त्यांच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरायला लागला होता. आधी हातानं बघायच्या, मग डोळ्यानं.

"सॅन्डविच करायची मशीन हाय माय. पाव भाजते," भाऊजी म्हणाले.

"पाव तर भाजूनच येतो की बेकरीतून! भाजल्यालं काहून भाजायचं?"

आम्ही हसलो, पण खरं सांगते, मलाही तोच प्रश्न पडला होता. भाऊजींनी नाक्यावरून आणलेला पाव काढला, उकडलेला बटाटा मिरची-मीठ घालून दोन कापांत भरला आणि मशीनमध्ये दाबला. थोड्या वेळानं झाकण उघडलं तर काय बाई ते रूप! तांबूस, कडा चिकटून बंद झालेल्या, मधून तिरपी रेघ. भाऊजींनी घास तोडला आणि असा 'कर्रर्र' आवाज झाला की ओसरीत बसलेल्या सासूबाईंनी मान वळवली.

"पापड खाऊन राहिला का रे?"

"न्हाई माय, पावच हाय."

त्या आवाजाचं त्यांना भारी नवल वाटलं. भाऊजी सांगत होते, खोलीवर आम्ही पाच पोरं राहतो, ड्युटीवरून आलं की हेच खातो. बोलता बोलता ते हसत म्हणाले, "आता भाकर पचत न्हाई माय मला. सवयच गेली."

मस्करीच होती ती. पण सासूबाईंच्या ती काळजात गेली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते म्हणून मला कळलं. भाऊजी पुण्याला परत निघाले तेव्हा त्यांनी मशीन नेऊ दिली नाही. "ऱ्हाऊ दे हितंच. पुढच्या बारीला आलास की मी करून घालीन," म्हणाल्या. भाऊजींनीही ठेवली. खोलीवर दुसऱ्या पोराची होतीच.

ते गेल्यावर सासूबाई चुलीपुढं बसून मला म्हणाल्या, "पोरी, भाकरीवरून त्याचं मन उठलं. आता घरात त्याच्या आवडीचं असंल तरच त्याचे पाय हिकडं वळतील. न्हाईतर तिकडचाच होऊन जाईल." म्हणजे त्यांच्या हिशेबानं लेक घरी येणार की नाही, हे आता त्या पेटीवर ठरणार होतं. मशीनला त्या पेटीच म्हणायच्या. मी सासूबाईंना आत्या म्हणायचे. म्हटलं, "आत्या, असं कुठं असतंय का? लेकरू आईला भेटायला येतं, पाव खायला न्हाई." त्या म्हणाल्या, "तुला लेकरू झाल्यावर कळंल."

होळीला येतो असा फाट्यावरच्या दुकानात फोन आला. त्या दिवशी आम्ही दोघींनी सकाळपासून जो काय घाट घातला, विचारू नका. पाव ताजा, मऊ, पिशवीत अजून वाफ धरलेला. भरायला बटाटा, वर टमाट्याच्या जाड चकत्या, कांदा, आणि कोथिंबिरीची चटणी वाटताना मी सढळ हातानं पाणी घातलेलं. बाहेरून लावायला सासूबाईंनी सकाळीच घुसळून काढलेलं लोणी. लेकासाठी काही कमी पडायला नको म्हणून बोटभर जाड थापलं. घरच्या लोण्यात ताक राहतंच, कितीही दाबून काढा. पण तेव्हा हे कुणाला सुचतंय? पेटी वायरला लावली आणि लगेच पाव घातला. लाल दिवा लागला, सासूबाई म्हणाल्या, "लागली गं, घाल घाल." हिरवा दिवा कशाला असतो, हे विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. पाट्या गार, पाव आत. लोणी वितळलं, त्यातलं ताक सुटलं, ते पावानं पिऊन घेतलं. वर आम्ही दर घटकेला झाकण उघडून बघणार. भाकर तव्यावर टाकली की बाई उलथून बघतेच की नाही, तसं. उघडलं की वरचा पाव वरच्या पाटीला, खालचा खालच्या पाटीला आणि मधला टमाटा सैरावैरा.

तरी जमतील तसे केले. आणि भाऊजींची गाडी उशिरा येणार म्हणून? गरम गरम दुरडीत. लुगड्याचं फडकं, घडी, वर ताट.

दिवस कलता कलता भाऊजी आले. सासूबाईंनी मोठ्या थाटात दुरडी पुढं ठेवली. मी ताट उचललं तर आतून वाफेचा भपका आला आणि फडक्यावर पोटीस बांधावं तसं काहीतरी लिबलिबीत बसलेलं. एक उचलायला गेले तर मधूनच वाकलं. भाऊजींनी खाल्लं. आवाज बिवाज काही नाही. "चांगलं झालंय माय," म्हणाले. अर्धं झाल्यावर पाणी प्याले, "गाडीत खाल्लं होतं," म्हणाले आणि हात धुवायला उठले.

सासूबाईंना ताट नीट दिसत नव्हतं, पण त्यांनी ताटावरून हात फिरवला आणि उरलेला अर्धा तुकडा त्यांच्या हाताला लागला. उठून अंगणात गेल्या आणि तो शेळीपुढं धरला. आमची ती शेळी लिंबाचा पाला खायची, दोरी खायची, एकदा माझ्या मामाचं धोतर खाल्लं होतं तिनं. तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं!

मला हसू आवरेना. मी वळून बघितलं तर ओसरीच्या खांबाशी भाऊजी उभे. त्यांनी सगळं बघितलं होतं. ते हसत नव्हते. मग मलाही हसू येईना. दुसऱ्या दिवशी ते निघाले, सासूबाईंच्या पाया पडले, आणि त्या नुसत्या "व्हय, व्हय" करत राहिल्या. फाट्यावरून गाडी सुटल्याचा आवाज आला तेव्हा कुठं त्यांनी डोळ्याला पदर लावला. "मह्या हातचं त्याला जाईना गं आता," एवढंच म्हणाल्या.

त्या वाक्यानं मी पेटले. मला राग येतो तो असा, एकदम. म्हटलं, एवढीशी पेटी, ती काय आपल्याला नाचवणार? आणि आम्ही दोघी त्या पेटीच्या मागं लागलो. संध्याकाळी शेळ्या बांधल्या, म्हैस पिळली की बसायचं. आमचे हे म्हणायचे, "एक पाव भाजायला दोन बाया! शेतात एवढं ध्यान दिलं असतं तर कापूस घरात मावला नसता." मी म्हणायचे, "तुमी गप खा." आणि तेही खायचे बिचारे. करपलेलं, ओलं, फाटलेलं, सगळं त्यांच्याच पोटात जायचं.

हळूहळू कळत गेलं. पहिली गोष्ट हिरव्या दिव्याची. पेटी रिकामीच, झाकण मिटून, लावायची आणि हिरवा दिवा लागेपर्यंत पावाला हात लावायचा नाही. चहा उकळायला जेवढा वेळ तेवढा धीर धरायचा. पाट्या तापलेल्या असल्या की पाव टेकल्या टेकल्या चर्र होतो आणि त्याला वरून पापुद्रा धरतो. गार पाटीवर तो आधी भिजतो आणि मग वाळतो, आणि असा वाळलेला पाव चामड्यासारखा चिवट होतो. सासूबाईंना हे पटकन पटलं. "तवा तापला न्हाई तर भाकर तरी कुठं सुटती?" त्या म्हणाल्या. रानात पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की गावातली लाईट मिणमिणायची, तेव्हा हिरवा दिवा लागता लागायचा नाही. अशा वेळी हट्टानं भाजलं की पाव फिकाच राहायचा आणि खुट्ट वाळायचा. तेव्हा लाईट चांगली येईपर्यंत थांबायचं, हाच इलाज.

दुसरी गोष्ट वाफेची. झाकण लावलं की कडांमधून भसाभस वाफ येते. ती येते तोवर आत पाणी आहे असं समजायचं आणि झाकणाला हात लावायचा नाही. वाफ बारीक झाली, जवळजवळ थांबली, की उघडायचं. मग पाव आपण होऊन पाटी सोडतो. वाफ बघायचं काम सासूबाईंनी घेतलं. त्यांना दिवा अंधुक दिसायचा, पण तळहात जरा लांब धरून वाफ कळायची. "अजून निघून राहिली," म्हणायच्या. मग थोड्या वेळानं, "आता काढ."

तिसरी गोष्ट ओलाव्याची, आणि तिनं फार दिवस छळलं. बाहेरून लोण्याच्या जागी तूप लावलं, तेही बोटानं पुसल्यासारखं. तुपात पाणी नाही, म्हणून चर्र होऊन पाव लगेच तांबूस धरायला लागला. बटाटा उकडल्यावर तव्यावर कोरडा परतून गार केला. चटणी पाणी न घालता वाटली आणि कापाला नुसती माखली. टमाट्याच्या बिया आणि रस काढून फेकला, मग नुसता गर ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "टमाट्याचा जीवच काढलास की गं." पावही ताजा नको, कालचा बरा, हे असंच एकदा पाव शिळा झाला तेव्हा कळलं. आणि पोटात कोंबून भरायचं नाही. झाकण बसलं नाही की कडा चिकटत नाहीत आणि रस बाहेर येऊन पाट्या चिकट होतात.

एवढं सगळं करून सॅन्डविच छान निघायचं. आवाज करायचं. आणि सासूबाई ते उचलून दुरडीत ठेवायच्या आणि फडकं टाकायच्या!

"आत्या, झाकू नका!"

"मग काय उघडं ठिवायचं? माशा बसतील."

"झाकलं की वाफ आतल्या आत फिरती आन् त्याला घाम येतो. भाकरीला मऊपणा पाहिजे, ह्याला कुरकुरीतपणा पाहिजे. दोन्हीचं उलटं हाय."

"उघडं अन्न मी माझ्या लेकापुढं ठिवणार न्हाई."

यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच दोन सॅन्डविच केली. एक दुरडीत झाकलं, एक पीठ चाळायच्या चाळणीवर ठेवलं, म्हणजे खालूनही वाफ निघून जाईल. थोड्या वेळानं दोन्ही त्यांच्या कानाशी नेऊन मोडली. एक मुकाट वाकलं. एक कडकन मोडलं. सासूबाईंनी दोन्ही तुकड्यांवरून हात फिरवला.

"पण चाळणीवरचं बी मग नरम पडंलच की, येईस्तोवर," त्या म्हणाल्या.

"पडंल. थोडाच वेळ टिकतं ते."

"म्हंजे ठिवून द्यायची चीजच न्हाई ही."

"न्हाई. माणूस दारात आल्यावरच करायची."

त्यांनी दुरडीतलं फडकं काढलं, झटकलं, घडी घातली आणि फडताळात ठेवून दिलं. आयुष्यभर त्या वाटा काढून ठेवत आल्या होत्या, आणि आता लेकाच्या आवडीची चीज अशी निघाली की तिचा वाटाच ठेवता येत नव्हता. मला तेव्हा आपण जिंकलो असंच वाटत होतं. आज तसं वाटत नाही.

मग आमची नवी रीत बसली. भाऊजी येणार त्या दिवशी बटाटा परतून तयार, पाव कापून तयार, तूप वाटीत. गाडीची वेळ झाली की मी माळवदावर चढायचे. आमच्या मातीच्या धाब्यावरून फाटा स्वच्छ दिसतो. खाली सासूबाई पेटीपाशी, बटणावर बोट ठेवून. गाडी थांबली आणि खांद्याला बॅग लावलेलं माणूस उतरलं की मी वरून ओरडायचे, "थांबली आत्या! लावा पेटी!" भाऊजी पांदीनं चालत येईपर्यंत, हातपाय धुवेपर्यंत, हिरवा दिवा लागलेला असायचा. पाणी पिऊन टेकले की पाव आत. पहिल्यांदा हे बराबर जमलं तो दिवस मला आजही जसाच्या तसा दिसतो. भाऊजींनी पहिला घास तोडला आणि तोच आवाज, कर्रर्र! सासूबाई त्यांच्याकडं कान देऊन बसल्या होत्या. ताट दिसत नव्हतं, पण कानानं सगळं कळत होतं. एक झालं, दुसरं झालं, चौथ्याला भाऊजी म्हणाले, "माय, पुण्यात बी असं भेटत न्हाई गं."

"मग येत जा की," सासूबाई म्हणाल्या.

"येईन ना माय."

आणि यायचेही. वर्षा-दोन वर्षांत पाच-सहा वेळा तरी आले असतील. मग त्यांचं लग्न झालं, बायको पुण्याकडचीच नोकरीवाली, चांगली होती पोरगी. मग लेकरू झालं. मग लेकराची शाळा. कुणाची काही चूक नव्हती. पण येणं कमी होत गेलं. पुढं घरात मोबाईल आला, आणि मला वाटतं त्यानं तर पारच नास केला. आधी येतो म्हटलं की माणूस यायचाच, कारण परत कळवायची सोय नव्हती. आता सकाळी 'येतो' आणि दुपारी 'जमत नाही'. कधी कधी तेही कळवायचं राहून जायचं.

असा एक दिवस. सणाची सुट्टी होती, भाऊजी येतो म्हणाले होते. बटाटा परतला होता. मी माळवदावर. गाडी आली, फाट्यावर जरा मंदावली आणि न थांबताच वाशिमच्या अंगाला निघून गेली. मी तिथंच उभी राहिले. खालून आवाज आला, "थांबली का गं?"

मी शिडीनं उतरले. सासूबाईंनी माझ्या हाकेची वाट न बघताच पेटी लावून ठेवली होती. हिरवा दिवा लागला होता. मग तो विझला, थोड्या वेळानं परत लागला. पेटी आपली ऊब धरून बसली होती.

"न्हाई थांबली आत्या."

"बरं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पेटी तापली हाय. वाया काहून घालवायची? तू खा."

मी केलं. त्यांच्या शेजारी बसून खाल्लं. मी मुद्दाम जोरजोरात चावलं. सासूबाई ऐकत बसल्या आणि मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझा बी आवाज चांगला येतो गं." हसावं की रडावं, मला कळेना. मी दोन्ही केलं. त्यांनी स्वतः त्या सॅन्डविचचा एक घासही कधी घेतला नाही. दात नव्हते. एवढी सगळी खटपट त्यांनी नुसती ऐकण्यासाठी केली.

पुढंपुढं तर त्या कुणी येणार नसतानाही संध्याकाळची गाडी वाजली की पेटी लावायच्या. आमचे हे म्हणायचे, "बिल येतंय माय." मी त्यांना डोळ्यानंच गप्प करायचे. दिवा हिरवा झाला की मी सांगायचे, "झाला आत्या." त्या म्हणायच्या, "बंद कर मग." एवढंच.

एका हिवाळ्यात, तुरी काढायच्या दिवसांत, सासूबाई गेल्या. दोन दिवस अंगात ताप होता आणि सकाळी उठल्याच नाहीत. भाऊजींना निरोप गेला, ते आले, पण भेट व्हायची ती झाली नाही. तेराव्यापर्यंत राहिले. मी पेटी उचलून फडताळात, त्या फडक्याशेजारी ठेवून दिली. माझ्यानं ती बघवत नव्हती.

त्यानंतर पुष्कळ दिवस भाऊजी आले नाहीत. मी वहिनी, मी कोण रागावणारी? पण मी रागावले होते. फोनवर तुटक बोलायचे. आतून मात्र गाडी वाजली की कान तिकडंच जायचा. सवय म्हणा. सवय नव्हती ती, मायलेकांची आठवण यायची, दोघांचीही.

आणि एके दिवशी, उन्हं उतरायच्या वेळेला, मी ज्वारी पाखडत होते तर अंगणात सावली पडली. भाऊजी. ना फोन, ना निरोप. केस पांढरे व्हायला लागलेले. मी रागवायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले.

"अहो, कळवायचं तरी! काहीच तयार न्हाई. बसा, पेटी लावते," मी म्हटलं.

ते ओसरीत खांबाला टेकून बसले. मी फडताळातून पेटी काढली, पुसली, लावली. बटाटा घरात होता, पावही होता. दिवा हिरवा झाला. सासूबाईंसारखा तळहात धरून वाफ बघितली, थांबल्यावर काढलं आणि चाळणीवर ठेवलं. असं तांबूस निघालं होतं की मलाच माझं कौतुक वाटलं. ताटात घालून पुढं ठेवलं.

भाऊजी हात लावेनात.

"खा ना, गरम हाय तोवर. नरम पडंल."

"वहिनी, मायची दुरडी हाय का हो?"

"हाय की. काहून?"

"आन् ते फडकं?"

मी आणून दिलं. मला काही उमजेना. भाऊजींनी दुरडी मांडीजवळ घेतली. फडकं अंथरलं. ताटातलं ते कडक सॅन्डविच उचलून त्यात ठेवलं. वरून घडी घातली, सासूबाई घालायच्या अगदी तशी, चारी कोपरे आत मुडपून. आणि वर ताट पालथं घातलं.

"अहो, काय करून राहिलात? सगळी मेहनत पाण्यात!" मी म्हटलं.

"पडू द्या नरम." ते दुरडीकडंच बघत होते. "त्या होळीचा मह्या वाट्याचा अर्धा राहिला होता वहिनी. मी बघितलं होतं, तिनं शेळीपुढं धरला ते. खोलीवर गेल्यावर किती दिवस मला जेवण गेलं न्हाई. मग पुढच्या बारीला आलो तर तुमी दोघी एवढ्या खुशीत होत्या, कुरकुरीत जमलं म्हणून. मंग मी सांगायचं तरी काय? माय, मला झाकल्यालंच दे, असं?"

आम्ही दोघी इतकी वर्षं वाफेशी झगडत होतो आणि हे लेकरू पुण्याच्या खोलीत त्या घाम आलेल्या दुरडीची वाट बघत होतं. सासूबाईंना हे कळायला पाहिजे होतं. एवढं एकच त्यांना कळायला पाहिजे होतं.

आम्ही बसून राहिलो. शेळ्या आल्या, हेही आले आणि काही न विचारता बाजूला टेकले. मग भाऊजींनी ताट काढलं, घडी उलगडली. ओळखीचा भपका आला. सॅन्डविच वाकलं होतं, कडा ओल्या झाल्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी ते उचललं आणि खाल्लं. काहीच आवाज झाला नाही. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना भान नव्हतं. फडक्याला चिकटलेला चुरासुद्धा त्यांनी बोटानं टिपून खाल्ला.

मग रिकामी दुरडी माझ्याकडं सरकवून म्हणाले, "वहिनी, अजून एक झाकून ठेवा."